मुळांच्या व्यस्तांची बहुपदी : सहगुणक उलटे लिहायचे ते नेमके कसे?

रानवारा

मुलगी अकरावीत आहे. क्लासच्या सराव पत्रिकेत गणित आलंय: x³ − 7x + 6 या बहुपदीच्या मुळांचे गुणाकार व्यस्त ही ज्याची मुळे असतील अशी बहुपदी लिहा. क्लासमध्ये सांगितलंय की मुळं काढत बसू नका, सहगुणक उलट्या क्रमाने लिहा की झालं. तिने 1, −7, 6 चे 6, −7, 1 केले आणि 6x³ − 7x + 1 असं लिहिलं. उत्तरसूचीत मात्र 6x³ − 7x² + 1 आहे.

मी माझ्या परीने तपासलं. मूळ बहुपदीत x = 1 घातलं तर 1 − 7 + 6 = 0, म्हणजे 1 हे मूळ आहे. 1 चा व्यस्त 1 च. तो तिच्या उत्तरात घातला तर 6 − 7 + 1 = 0. सूचीतल्या उत्तरात घातला तरी शून्यच. मग दोन्ही बरोबर, की सूचीत तो वर्ग चुकून छापला गेलाय? आणि मुळात उलटं लिहिल्याने व्यस्त मुळं का मिळतात, हे कोणी सांगेल का? क्लासमध्ये "ट्रिक आहे" एवढंच सांगितलंय.

सोपान_द

ताई, ट्रिक शंभर टक्के बरोबर आहे. आम्ही प्रवेश परीक्षेच्या तयारीत डोळे झाकून वापरायचो. कुठलीही बहुपदी घ्या, सहगुणक उलटे करा, व्यस्त मुळं तयार. मुलीचं उत्तर मला तरी बरोबर वाटतंय, तुम्ही 1 घालून तपासलंतही. सूचीत छपाईच्या चुका ढिगाने असतात.

खडू_डस्टर

सोपानराव, जरा थांबा. सूची बरोबर आहे, मुलीचं उत्तर चूक आहे, आणि ताईंनी केलेली तपासणी हे कधीच पकडू शकणार नाही.

आधी तपासणीचं बघू. x = 1 घातलं की उरते फक्त सहगुणकांची बेरीज. सहगुणक उलटे लिहा, सुलटे लिहा, पत्त्यांसारखे पिसा, बेरीज तीच राहणार. म्हणून 1 हे मूळ असलं की कसंही मांडलेलं उत्तर या परीक्षेत पास होतं. तपासायचं तर दुसरं मूळ घ्या. मूळ बहुपदीचे अवयव (x − 1)(x − 2)(x + 3), म्हणजे मुळं 1, 2 आणि −3. आता 1/2 घालून बघा.

सूचीचं उत्तर: 6/8 − 7/4 + 1 = 0.75 − 1.75 + 1 = 0.
मुलीचं उत्तर: 6/8 − 7/2 + 1 = 0.75 − 3.5 + 1 = −1.75.

निकाल लागला. आता चूक कुठे झाली? मुलीने फक्त कागदावर दिसणारे सहगुणक उलटवले. x² चं पद दिसत नाही म्हणजे ते नाही असं नव्हे, त्याचा सहगुणक 0 आहे. नववीत आपल्याकडे बहुपदीचं सहगुणक रूप शिकवतात ना, तेच इथे लागतं: (1, 0, −7, 6). हे उलटलं की (6, −7, 0, 1), म्हणजे 6x³ − 7x² + 0x + 1. शून्य x² च्या जागेवरून x च्या जागेवर गेलं आणि −7 बरोबर x² वर येऊन बसला.

आता का. x हे जुनं मूळ असेल तर नवं मूळ y = 1/x, म्हणजे x = 1/y. हे मूळ समीकरणात घाला:

1/y³ − 7/y + 6 = 0

सगळ्याला y³ ने गुणा:

1 − 7y² + 6y³ = 0

ट्रिक म्हणतात ती एवढीच. y³ ने गुणल्यामुळे ज्या पदाचा घातांक 1 होता त्याचा 2 झाला, 3 होता त्याचा 0 झाला, 0 होता त्याचा 3 झाला. कोटी n असेल तर k चा n − k होतो. सहगुणकांना कोणी हात लावत नाही, फक्त त्यांची घरं बदलतात. मुलीला सांगा, पुढच्या वेळी शंका आली तर उलटवण्यापेक्षा x = 1/y घालून दोन ओळी लिही. त्यात 0 विसरता येत नाही.

घाटमाथा

मला वाटतं तुम्ही सगळे उगाच लांबण लावताय. x च्या जागी −x घाला, विषम घातांकांची चिन्हं बदलतात, मुळंही उलटी होतात. −x³ + 7x + 6. झालं!

रानवारा

@घाटमाथा, त्याने 2 चं −2 होईल. आम्हाला 2 चं 1/2 हवंय.

@खडू_डस्टर सर, खूप आभार. 1 घालून काहीच सिद्ध होत नाही, हे डोक्यातच आलं नव्हतं. लेकीला दाखवलं. तिचा लगेच पुढचा प्रश्न: त्याच पत्रिकेत "2x³ − 5x² + 3x + 7 ची मुळे α, β, γ असल्यास 1/α² + 1/β² + 1/γ² काढा" असं आहे. तिथेही हेच वापरायचं का? ती αβ + βγ + γα वगैरे मांडून वर्ग करत बसली आहे आणि एक पान भरलंय.

खडू_डस्टर

हेच वापरायचं, आणि पान भरायची गरज नाही. उलटवा: 7x³ + 3x² − 5x + 2. कुठलंही पद गायब नाही, त्यामुळे धोका नाही. या नव्या बहुपदीची मुळं p, q, r म्हणू. p म्हणजे 1/α, वगैरे.

p + q + r = −3/7
pq + qr + rp = −5/7

वर्गांची बेरीज = (−3/7)² − 2(−5/7) = 9/49 + 70/49 = 79/49.

या घनबहुपदीची मुळं काढायला गेलात तर हाती काही सुबक येणार नाही, पण त्याची गरजच पडली नाही. माझ्या मते या क्लृप्तीचा खरा उपयोग इथे आहे. नवी बहुपदी लिहा म्हटलं की मुलं लिहितात, पण "व्यस्तांची बेरीज" असं आलं की तीच मुलं छेद समान करायला लागतात.

अकरावी_ब

सर, मी पण अकरावीतच. सोपानदादा म्हणाले कुठलीही बहुपदी चालते. मी x³ − 3x² + 2x घेतली. सहगुणक (1, −3, 2, 0). उलटे केले तर (0, 2, −3, 1), म्हणजे 2x² − 3x + 1. घनबहुपदी होती, वर्गबहुपदी झाली. एक मूळ गेलं कुठे?

सोपान_द

अरे, तुझ्या बहुपदीचं एक मूळ 0 आहे. त्याचा व्यस्त नसतोच. असलं गणित परीक्षेत देत नाहीत, काळजी करू नकोस.

खडू_डस्टर

परीक्षेत देतात की नाही ते सोडा, मुलाने शंका छान काढली आहे. मुळं 0, 1, 2. पैकी 1 आणि 2 चे व्यस्त 1 आणि 1/2, ते 2x² − 3x + 1 मध्ये सापडतात. 0 ला व्यस्त नाही, म्हणून तो गळला आणि कोटी एकाने उतरली. आता हीच पुन्हा उलटव: x² − 3x + 2. मूळ बहुपदी परत आली नाही, x चा अवयव कायमचा गेला. म्हणजे दोनदा उलटवलं की होतं तिथे परत येतो, हे फक्त स्थिर पद शून्य नसतानाच खरं. "डोळे झाकून" मधले डोळे निदान स्थिर पदापुरते उघडे ठेवा.

अर्धवट_गणिती

खडू सर, इथे थोडा मतभेद. कोटी 3 धरायची हे आधीच ठरवलं, तर 0x³ + 2x² − 3x + 1 ही "तिसरं मूळ अनंतावर असलेली" बहुपदी मानता येते. मग दोनदा उलटवलं की सगळं परत येतं, काही हरवत नाही. x³ चा सहगुणक 0 न धरता 0.001 धरून बघा: दोन मुळं 1 आणि 1/2 च्या अगदी जवळ राहतात आणि तिसरं −2000 च्या आसपास जातं. सहगुणक लहान करत न्या, ते आणखी लांब पळतं.

खडू_डस्टर

भूमितीवाल्यांच्या घरी ते चालतं, नाही म्हणत नाही. पण अकरावीच्या पोराने उत्तरपत्रिकेत "तिसरं मूळ अनंत" लिहिलं तर तपासणारा गुण देईल का? मी दिला नसता. "0 हे मूळ असल्याने अशी त्रिघाती बहुपदी अस्तित्वात नाही" असं लिहिलेलं मला जास्त पटतं.

अर्धवट_गणिती

मी दिला असता. :)

मंजिरी_के

धागा वाचून हसू आलं, कारण आमच्या ऑफिसात याच उलटसुलटीवरून जोरदार वाद झाला होता. मी डेटाचं काम करते. तुमचीच बहुपदी घेऊन दाखवते:

```python
import numpy as np
c = [1, 0, -7, 6]
np.roots(c)                            # -3, 2, 1
np.polynomial.polynomial.polyroots(c)  # -0.333, 0.5, 1
```

लायब्ररी एक, यादी एक, उत्तरं एकमेकांची व्यस्त. `np.roots` यादीतला पहिला आकडा सर्वात मोठ्या घातांकाचा मानतं, `polyroots` तोच स्थिर पद मानतं. R मधलं `polyroot` दुसऱ्या पंथाचं, MATLAB चं `roots` पहिल्या. एका ठिकाणचा कोड दुसरीकडे नेला की कुठलीही एरर येत नाही, आकडे दिसायलाही व्यवस्थित असतात, फक्त सगळे व्यस्त झालेले असतात.

आणि @अकरावी_ब, तुझी (1, −3, 2, 0) दिली तर `np.roots` 2, 1, 0 देतं आणि `polyroots` फक्त 0.5 आणि 1. शेवटचा 0 ते मुकाट्याने छाटून टाकतं. तुझं हरवलेलं मूळ तिथेही हरवतं.

आमचा वाद मात्र काळानुसार बदलणाऱ्या आकड्यांच्या मॉडेलवरून होता. समजा आजचा आकडा = 0.5 × कालचा + 0.3 × परवाचा + यादृच्छिक धक्का. हे मॉडेल स्थिर आहे का, की आकडे भरकटत जातील, ते मुळांवरून ठरवतात. एका सहकाऱ्याने सांगितलं, "सगळी मुळं एकक वर्तुळाच्या बाहेर हवीत." दुसरा म्हणाला, "छे, आत हवीत." दोघांनी आपापले आलेख मीटिंगमध्ये दाखवले. एकाची मुळं बाहेर, एकाची आत, आणि दोघेही "मॉडेल स्थिर आहे" म्हणताहेत. आमच्या साहेबांना वाटलं, दोघांपैकी एकाने नक्की घोळ घातलाय.

खडू_डस्टर

दोघंही बरोबर असणार. एकाने 1 − 0.5z − 0.3z² लिहिली असेल, दुसऱ्याने z² − 0.5z − 0.3. सहगुणक बघा, एक दुसरीची उलटलेली आहे.

मंजिरी_के

अगदी तेच. दुसरीची मुळं साधारण 0.852 आणि −0.352, दोन्ही वर्तुळाच्या आत. पहिलीची 1.174 आणि −2.840, दोन्ही बाहेर. 1/0.852 करून बघा, 1.174 येतं. पुस्तकांत बहुतेक पहिली बहुपदी असते. EViews मात्र अहवालात "Inverted AR Roots" म्हणून दुसरीची मुळं छापतं आणि ती आत असायला हवीत. नियम एका पुस्तकातून आणि मुळं दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून घेतली की स्थिर मॉडेल अस्थिर ठरतं.

मी आता कुठलंही फंक्शन पहिल्यांदा वापरताना आधी तीन ओळींची चाचणी घेते: उत्तरं माहीत असलेली बहुपदी देते. पण मुळं 1 आणि −1 असलेली कधीच देत नाही, कारण त्यांचे व्यस्त तेच. रानवाराताईंच्या तपासणीसारखं होईल.

नदीकाठ

मधेच विचारतो, मुळं संमिश्र असली तर? आमच्याकडे बहुतेक वेळा जोड्याच येतात.

मंजिरी_के

काही फरक पडत नाही. a + ib चा व्यस्त घेतला की लांबी उलटी होते आणि कोनाचं चिन्ह बदलतं. पण सहगुणक वास्तव असतील तर a − ib ही सोबत असतेच, तिचा कोन उलट्या बाजूला जातो. म्हणजे जोडीची जोडीच राहते. वर्तुळाच्या आतलं बाहेर जातं, बाहेरचं आत येतं, वर्तुळावरचं वर्तुळावरच राहतं.

अर्धवट_गणिती

खडू सरांच्या व्यस्तांच्या बेरजेत आणखी एक गंमत आहे, ती सांगतो. मुळांची बेरीज हवी तर बहुपदीच्या वरच्या टोकाचे दोन सहगुणक लागतात. व्यस्तांची बेरीज हवी तर खालच्या टोकाचे दोन पुरतात: स्थिर पद आणि x चा सहगुणक. वरचं टोक बघावंच लागत नाही. मग वरचं टोक नसलंच तर?

ऑयलरने 1735 च्या सुमारास हेच केलं. sin x ची श्रेणी घ्या, x ने भागा आणि x² च्या जागी t लिहा:

1 − t/6 + t²/120 − …

ही संपतच नाही, त्यामुळे उलटवून लिहायची सोय नाही. पण हिची मुळं माहीत आहेत: π², 4π², 9π², … खालचे दोन सहगुणक 1 आणि −1/6, म्हणून व्यस्तांची बेरीज 1/6. म्हणजे

1/π² + 1/4π² + 1/9π² + … = 1/6

दोन्ही बाजूंना π² ने गुणलं की 1 + 1/4 + 1/9 + 1/16 + … = π²/6. बाझेलच्या बर्नूलींसकट भल्याभल्यांना ही बेरीज सुटली नव्हती. ती अकरावीतल्या क्लृप्तीने पडली.

अकरावी_ब

भारी! म्हणजे कुठल्याही अनंत श्रेणीला हे लावता येतं?

खडू_डस्टर

नाही, आणि ऑयलरवर तेव्हाही याच मुद्द्यावरून आक्षेप घेतले गेले. तूच करून बघ. वरच्या श्रेणीला e च्या t व्या घाताने, म्हणजे 1 + t + t²/2 + … ने गुण. तो कधीच शून्य होत नाही, म्हणून मुळं तीच राहतात. पण t चा सहगुणक आता 1 − 1/6 = 5/6 झाला. क्लृप्ती लावलीस तर व्यस्तांची बेरीज −5/6 येते. सगळी मुळं धन आणि व्यस्तांची बेरीज ऋण! बहुपदीत मुळं आणि एक सहगुणक माहीत असला की सगळी बहुपदी ठरते, अनंत श्रेणीत तसं होत नाही. ऑयलरचं उत्तर बरोबर होतं, पण sin चे असे अवयव पाडता येतात हे वेगळं सिद्ध करावं लागलं.

अकरावी_ब

मग sin ला चालतं आणि e ने गुणलेल्याला नाही, हे आधीच कसं ओळखायचं?

अर्धवट_गणिती

फलन किती वेगाने वाढतं त्यावरून. t च्या हिशेबात वरची sin ची श्रेणी फार तर √t च्या घातांकी वेगाने वाढते, आणि इतक्या सावकाश वाढणाऱ्या फलनात असा e चा छुपा अवयव बसू शकत नाही. हे हादामारचं प्रमेय आहे. सिद्धता इथे लिहिली तर रानवाराताई धागा बंद करायला सांगतील.

रानवारा

बंद कशाला, तेवढा भाग सोडून वाचेन. पण लेक पुन्हा एका गणितावर अडली आहे. 6x⁴ − 35x³ + 62x² − 35x + 6 ची मुळे काढा. ती म्हणते उलटवून बघितली तर तीच बहुपदी आली, मग काय मिळालं?

खडू_डस्टर

तिला हवं तेच मिळालं. उलटवून तीच आली याचा अर्थ प्रत्येक मुळासोबत त्याचा व्यस्तही याच बहुपदीचं मूळ आहे. म्हणून तिला x² ने भागायला सांगा आणि x + 1/x ला y म्हणायला सांगा. x² + 1/x² म्हणजे y² − 2, मग उरतं 6y² − 35y + 50 = 0. त्यातून y = 5/2 किंवा 10/3. पहिल्याने 2 आणि 1/2, दुसऱ्याने 3 आणि 1/3.

सोपान_द

आणि तपासताना 1 घालू नका. :)

रानवारा

2 घालून तपासलं: 96 − 280 + 248 − 70 + 6 = 0. आलं!